आशेर कुणासाठी

माझा नवरा गमलिएल खोटं बोलायला निघाला होता. तेही आपल्या पोरीसमोर, नातू गेल्याच्या पहिल्या वर्षदिनाला. आणि मी त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होते.

खोटं म्हणजे पैशाअडक्याचं नव्हे. त्यातलं त्याला काही जमत नाही. भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस मीच करते. त्याचं खोटं व्याकरणातलं होतं. तुम्ही म्हणाल, व्याकरणातलं खोटं ते काय, कुणाचं काय बिघडतं? आमच्या घरात बिघडतं. आमच्याकडे सूप वाढतानासुद्धा कुणी चुकीचं क्रियापद वापरलं तर पळी हवेत थांबते. मी जन्मभर औषधाच्या दुकानात गोळ्या मोजल्या, पण संसार केला तो जुन्या हिब्रूच्या मास्तराशी, आणि पदरात पोर पडली तीही तसलीच. तिर्झा. बापाच्या हाताखाली शिकली, आता स्वतः कॉलेजात तोरा, म्हणजे आमचं धर्मशास्त्र, शिकवते. दर शुक्रवारी सकाळी बाप आणि लेक तिच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसायचे, मध्ये कॉफी आणि चीज भरलेले खुसखुशीत बुरेकास, आणि कायद्याचं एखादं प्रकरण उघडून असे कडाकडा भांडायचे की जावई, ओवेद, नाइट ड्युटी करून आलेला, कानात बोळे घालून झोपायचा. त्यालाही गमलिएल सोडायचा नाही. "तू तर नावानेच धातुसाधित आहेस रे, ओवेद म्हणजे काम करणारा. झोपतोस कसला?" असं म्हणायचा.

ते शुक्रवार संपले. कसे संपले ते एकदाच सांगते आणि पुढे जाते. एका शुक्रवारी दुपारी गमलिएलने तिर्झाच्या अंगणातून गाडी मागे घेतली. नातू यिनोन चार वर्षांचा होता. तो घरात आहे असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद करून प्रकरण बंद केलं. तिर्झाने आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त बापाशी बोलायची बंद झाली. शोकाचे सात दिवस आईबाप आणि भावंडं जमिनीलगतच्या बुटक्या खुर्च्यांवर बसतात. आजोबाला तिथे बसायचा अधिकार कायद्यातच नाही. गमलिएल सातही दिवस आमच्या घरी साध्या उंच खुर्चीवर बसला, कारण त्याला खाली बसायला परवानगी नव्हती. मला तेव्हा त्या कायद्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

आता वर्ष झालं, आणि ओवेदचा फोन आला. "पनिना, वर्षदिनाला या. दोघंही या. तिर्झाला विचारलंय मी."

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली नाही."

एवढ्यावर माझ्या नवऱ्याने इमला चढवला. लेक आपल्याला परत आत घेणार, शुक्रवार परत सुरू होणार. पण नुसतं जाऊन कसं चालेल? वर्षदिनाला जमलेल्यांपुढे कुणीतरी तोरामधले चार शब्द बोलतो, तशी रीतच आहे. तो म्हणाला, मी बोलणार.

आणि काय बोलणार, तर हे. तोराच्या पाच पुस्तकांपैकी निर्गमाच्या पुस्तकात कायदा आहे: माणसाला मारणारा, आणि तो माणूस मेला, तर मारणाऱ्याला मृत्युदंड. तिथे 'मारणारा' असा एकच शब्द आहे, मक्के. क्रियापदापासून बनलेला, पण नावासारखा उभा. लगेच पुढच्या ओळीत अपघाताने ज्याच्या हातून जीव जातो त्याचा विषय येतो, आणि तिथे हा शब्द नाही. तिथे येतो आशेर. आशेर म्हणजे आपला जो, ज्याने. 'आणि ज्याने टपून हल्ला केला नाही, देवानेच ते त्याच्या हाताशी आणलं, त्याच्यासाठी मी एक जागा नेमीन, तिथे तो पळून जाईल.'

"बघ पनिना," तो मला म्हणाला, हातात चहाचा कप तसाच गार होत होता, "जो मुद्दाम मारतो त्याचं कृत्य त्याचं नाव होऊन बसतं. मारणारा. संपलं. आणि ज्याच्या हातून नकळत घडतं त्याला कायदा नाव देत नाही. म्हणतो, 'ज्याने'. तो माणूसच राहतो. एक वाक्य तेवढं त्याच्या मागे लागतं."

मी इस्त्री उभी केली. "आणि हे खरं आहे?"

त्याने कप खाली ठेवला.

मला व्याकरण येत नाही, पण त्याच्या टेबलावरची भांडी चाळीस वर्षं घासलीत मी. हाच माणूस वर्गात पोरांना शिकवायचा की कायद्याच्या भाषेत 'करणारा' म्हणा नाहीतर 'जो करतो' म्हणा, वजन एकच. आईबापाला शाप देणारा, असं एका पुस्तकात. जो माणूस आपल्या आईबापाला शाप देईल, असं दुसऱ्यात. गुन्हा तोच, शिक्षा तीच. आणि जे उपदेशक एकेका शब्दातून अश्रू पिळून काढतात त्यांची तो यथेच्छ टिंगल करायचा. म्हणायचा, प्रत्ययाला काय कळतंय दुःख.

"गमलिएल," मी म्हणाले, "तिकडे जा, रड, चार खजूर खा, घरी ये. पोरीने मिठी मारू दिली तर मार. पण हे नको. ती पकडेल तुला."

"मग बोलू काय तिच्याशी? दुसरं काही येतं का मला?" तो म्हणाला. "माफ कर म्हणू? कशाच्या तोंडाने म्हणू? हे एक आहे माझ्याकडे. हे तरी ती ऐकेल."

मी सदरा त्याच्या हातात दिला.

आम्ही बसने गेलो. गाडी विकून टाकलीय. तो आता बसमध्येसुद्धा चालकामागच्या सीटवर बसत नाही. डोंगरातलं लेकीचं गाव तसंच होतं. अंगणात मात्र तिर्झाने लिंबाच्या कुंड्या मांडून गाडीची वाट बंद केली होती. गमलिएल कुंड्यांच्या कडेने, भिंतीला चिकटून, आडवा होत घरात शिरला.

आत गर्दी होती. ओवेदची कुर्दी आई, तिच्या बहिणी, शेजारी, कॉलेजातली माणसं. मेणबत्ती पेटलेली. टेबलावर सगळ्या जातीचं खाणं, झाडाचं, जमिनीतलं, पिठाचं, म्हणजे प्रत्येकावरचा वेगळा आशीर्वाद म्हटला जाईल आणि तो पोराच्या आत्म्याला पोचेल. तिर्झा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात उकडलेल्या अंड्यांची परात. किती वाळली होती माझी लेक. मला तिने गालावर ओठ टेकवले. बापाकडे तिने पाहिलं, आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतो तशी. गमलिएलला तेवढंही पुष्कळ झालं. त्याचे डोळे भरून आले.

ओवेदच्या काकाने स्तोत्रं म्हटली. मग ओवेद म्हणाला, "अब्बा, तुला दोन शब्द बोलायचेत ना?"

गमलिएल उठला. मग सुरू झाला, आणि खोटं कशाला बोलू, सुंदर बोलला. मारणारा आणि ज्याने. नाव आणि माणूस. शेजारणी डोळे पुसायला लागल्या. त्याने ते वाक्य मूळ हिब्रूत म्हटलं, 'देवानेच ते त्याच्या हाताशी आणलं', आणि त्याचा उजवा हात वर आला. मी तिर्झाकडे बघत होते. तिने परात खाली ठेवली.

"आणि शाप देणाऱ्याचं काय?" ती म्हणाली.

वर्षभरानंतर बापाशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. मी टेबलाची कड धरली. बोलली, बाई बोलली.

"कसला शाप?" गमलिएलने विचारलं, पण त्याला माहीत होतं.

"आईबापाला दिलेला. निर्गमात मेकल्लेल, शाप देणारा. लेवीयाच्या पुस्तकात तोच माणूस, तिथे आशेर. मग निर्गमातला जन्मजात शिवराळ आणि लेवीयातला चुकून बोलून गेला, असं का?"

"लेवीयाची लेखणी वेगळी. दोन शैली आहेत, त्या मिसळू नकोस."

"बरं, निर्गमातच राहू. तिसावा अध्याय. पवित्र तेलाची नक्कल बनवणारा. तिथे आशेर आहे, 'जो माणूस तसं तेल बनवेल'. आता तेल काय चुकून बनतं, अब्बा? पाय घसरला आणि मसाले मोजून पडले?"

कुणीतरी हसलं. ओवेदच्या आईने तिला कोपर मारलं. पण खरं सांगू, गमलिएलसुद्धा हसला. आणि तिर्झाच्या गालावर रंग आला होता, ती एक पाऊल पुढे आली होती, दाराची चौकट सोडून. मला वाटलं, झालं. भांडतायत. भांडू देत. असंच संध्याकाळपर्यंत भांडत राहिले तर उद्या शुक्रवार येईल, परवा शुक्रवार येईल. खुळी मी. माझ्या डोक्यात बुरेकास भाजायला लागले होते.

"तिसावा अध्याय याजकांच्या शाळेचा, तीच लेवीयाची लेखणी," गमलिएल म्हणाला, आवाजात जुनी धार. "हे तुला मीच शिकवलंय. पाचव्या पुस्तकात ये, अनुवाद नावाच्या. एकोणिसावा. लाकडं तोडायला गेलेला माणूस, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटतं. तिथे काय आहे? आशेर. 'ज्याने आपल्या सोबत्याला नकळत मारलं, आधीपासून त्याचा द्वेष नसताना.' बघ. नकळत, आणि आशेर."

तिने बापाकडे पाहिलं, बराच वेळ. मग हळू म्हणाली, "ओळ पहिल्यापासून म्हण."

"म्हटली की."

"अर्धी म्हटलीस. पहिल्यापासून म्हण, अब्बा."

आमच्या घरात ओळ अर्धी म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नाही कळायचं. या माणसाने अर्धी ओळ दिली म्हणून पोरांचे प्रबंध परत पाठवलेत. पोर लहान असताना तिने अर्धी ओळ म्हटली तर तिला जेवण मिळायचं, पण मिष्टान्न मिळायचं नाही. आणि आज तो स्वतः, सत्तरी उलटलेला, लोकांपुढे अर्धी ओळ घेऊन उभा होता.

म्हणून तिनेच म्हटली. "'तिथे पळून जाऊन जो जगेल त्या रोत्सेआखची गोष्ट अशी: ज्याने आपल्या सोबत्याला नकळत मारलं.' आधी रोत्सेआख आहे. जीव घेणारा. एकच शब्द, नावासारखा. आशेर त्याच्या नंतर येतो. तुझ्या लाकूडतोड्याला नाव आधी मिळतं आणि वाक्य मग."

रोत्सेआख. आज रस्त्यावर कुणाला म्हटलं तर त्याचा अर्थ खुनी, दुसरा नाही. ओवेद पुढे झाला, "तिर्झा, पुरे."

"पुरे कसं? त्यानेच काढलंय. गणनेच्या पुस्तकाचा पस्तिसावा अध्याय घे. मुद्दाम मारणारा, रोत्सेआख. नकळत मारणारा, तोही रोत्सेआख. पुन्हा पुन्हा. दोघांना एकच शब्द. हे तू मला शिकवलंस, मी वीस वर्षांची होते, मला ते सहन होईना आणि तू म्हणालास, सहन होत नाही म्हणून ओळ बदलत नाही."

"म्हणालो होतो," गमलिएल म्हणाला.

"आणि 'मंडळीने त्या रोत्सेआखला गोएलच्या हातून सोडवावं.' गोएल कोण? मेलेल्याच्या रक्ताचा वाली, सूड घ्यायचा हक्क असलेला. तोही तसाच एक शब्द. वाली होणारा." तिचा आवाज आता इतका खाली गेला होता की मागच्या बायका पुढे वाकल्या. "यिनोनच्या रक्ताची वाली मी आहे, अब्बा. मला कुणी विचारलं नाही व्हायचंय का. तुला ते नाव नको आहे, तर मला हे कुठे हवंय? त्या ओळीत आशेर दोनदा येतो. एकदा गावासाठी, 'ज्या गावात तो पळून गेला'. एकदा मुख्य याजकासाठी, 'ज्याला तेलाचा अभिषेक झाला'. तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी नाही."

मी उठले आणि परत बसले. आई म्हणून मी कुठल्या बाजूला जाऊन उभी राहणार होते ते मला आजही माहीत नाही.

"मी तुला मारणार नाहीये," तिर्झा म्हणाली. "मला तुझा द्वेषही करता येत नाही, किती प्रयत्न केला. पण गाडीचा आवाज झाला की मला तूच दिसतोस. दारात उभा राहिलास तरी तूच दिसतोस. कायद्याने याच्यासाठीच ते आसऱ्याचं गाव केलंय. त्याला माफी नाही आणि तिला सूड नाही. तो तिथे राहतो. गावाची हद्द ओलांडत नाही. म्हणून दोघं जगतात. तू तुझ्या घरी राहा, अब्बा. इथे येऊ नकोस."

गमलिएलने मान हलवली. विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यावर तो अशीच हलवायचा. मग त्याने विचारलं, अगदी साध्या आवाजात, बसची वेळ विचारावी तसं, "कधीपर्यंत?"

"मुख्य याजक मरेपर्यंत. तसंच लिहिलंय."

"आता मुख्य याजक नसतो, बाळा."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि परात उचलून आत गेली.

परत येताना तो खिडकीशी बसला. शहर दिसायला लागलं तसा म्हणाला, "एक ओळ सोडली नाही तिने. पाहिलंस? शाप, तेल, लाकूडतोड्या, सगळं क्रमाने. मलाही इतकं नीट नसतं जमलं."

"गप बस," मी म्हणाले. "तुझी ती विद्या जाळून टाक." आणि मी रडायला लागले, बसमध्ये, सगळ्यांदेखत. त्याने माझा हात धरला नाही. त्याचा उजवा हात तो आता कुणाला लावतच नाही.

त्यानंतर त्याने पुस्तक उघडलं नाही. सकाळी उठतो, अंघोळ करतो, त्या उंच खुर्चीवर बसतो. मी विचारलं, फिरायला जाऊ या का, तर म्हणतो, हद्द कुठपर्यंत आहे ते विचारायचं राहिलं. मी पहिल्यांदा समजले की थट्टा करतोय. थट्टा नव्हती. आता तो किराणा दुकानापर्यंत जातो आणि तिथून परततो, रोज तिथूनच.

शुक्रवारी मी एकटी जाते. मला कुणी मनाई केलेली नाही. मी त्या ओळीत कुठेच नाही. तिर्झा कॉफी करते. आम्ही नातीच्या शाळेबद्दल बोलतो, ओवेदच्या पाठदुखीबद्दल बोलतो. गेल्या खेपेला तिने कॉफी ओतली आणि कप हातात धरूनच म्हणाली, "ईमा, एक विचारू? अब्बा नंतर काही म्हणाला का?"

"म्हणाला, एक ओळ सोडली नाहीस."

"बस? उत्तर नाही दिलं काही?"

"कसलं उत्तर?"

ती रडायला लागली. यिनोनला पुरलं तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली, तिचं डोकं पोटाशी धरलं. बोलता येईल इतकी शांत व्हायला तिला वेळ लागला.

"मी थांबले होते ईमा. प्रत्येक ओळीनंतर मी थांबत होते. त्याच्याकडे नेहमी उत्तर असतं. बावीस वर्षं भांडतेय मी त्याच्याशी, एकदाही जिंकले नाही. मला वाटत होतं आता काढेल, आता एखादी ओळ काढेल जी मला माहीत नाही, आणि माझं सगळं खोडून टाकेल. मला हरायचं होतं, ईमा. तो 'बाळा' म्हणाला आणि गप्प बसला. तो का हरला?"

मी तिचे केस नीट केले, कॉफी पुन्हा गरम केली. दुपारच्या बसने परत आले. गमलिएल खुर्चीत होता. त्याने विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे."

बाकीचं त्याला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. सांगितलं तर तो आत्ता उठेल, सगळी पुस्तकं खाली काढेल आणि ती ओळ शोधायला बसेल. आणि तशी ओळ नाहीये. तो मास्तर आहे, त्याला आधीच माहीत आहे की नाहीये, पण तो मरेपर्यंत शोधत राहील.